ज्येष्ठ खातेदारांसाठी केवायसीचे पत्र : आम्ही ते कसे लिहून देतो
(सहकारी बँकांच्या शाखांसाठी माहितीपत्रक)

बँकांची आणि विमा कार्यालयांची पत्रे वयस्कर माणसाला एका वाचनात कळतील अशी लिहून देणे हे आमचे काम. सगळ्यात जास्त मागणी असते ती केवायसीच्या पत्राला, म्हणून या पत्रकात तेच एक उदाहरण घेतले आहे. बहुतेक शाखांतून आमच्याकडे येणारा मूळ मसुदा थोड्याफार फरकाने असा असतो :

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, भारतीय रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या खात्याचे केवायसी नियतकालिक अद्ययावतीकरण प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपण सदर पत्र मिळताच आवश्यक कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती विहित नमुन्यातील अर्जासह शाखेत सादर कराव्यात. अन्यथा आपल्या खात्यातील व्यवहार कोणतीही पूर्वसूचना न देता स्थगित करण्यात येतील व त्यास बँक जबाबदार राहणार नाही, याची नोंद घ्यावी."

व्याकरणात चूक नाही. पण पंच्याहत्तरीच्या बाई हे वाचतात तेव्हा त्यांच्या हाती एकच गोष्ट लागते : व्यवहार बंद होणार. पेन्शन याच खात्यात येते, औषधांचे पैसे याच खात्यातून जातात. कोणती कागदपत्रे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला भेटायचे, जिना चढवत नसेल तर काय, यातले काहीच पत्रात नाही. "आवश्यक" आणि "विहित" म्हणजे नेमके काय ते बँकेला माहीत असते, वाचणाऱ्याला नसते. मग त्या नातवाला फोन करतात, नातू म्हणतो रविवारी बघू, आणि पत्र देव्हाऱ्याखालच्या खणात जाते.

यात आणखी एक मोठा धोका आहे. "केवायसी अपडेट करा, नाहीतर आज रात्री खाते बंद" ही फसवणूक करणाऱ्यांचीही ठरलेली भाषा आहे. घाई, धमकी, मोघम कारण, बोलणाऱ्याचे नाव नाही, असा तिचा साचा. बँकेचे खरे पत्रही त्याच साच्यात असेल तर खातेदार दोन्हींना सारखाच घाबरतो. जो सावध आहे तो खरे पत्रही फाडून टाकतो आणि जो भोळा आहे तो पुढच्या खोट्या फोनलाही उत्तर देतो. म्हणून पत्राचा सूर शांत ठेवणे हा आम्हाला नुसता सौजन्याचा भाग वाटत नाही. खऱ्या-खोट्यातला फरक खातेदाराला त्या सुरावरूनच कळावा लागतो.

आधी नियम, मग भाषा

सोपे करायला घेण्याआधी नियम मुळात काय मागतो ते आम्ही पाहतो. पुष्कळदा पत्र नियमापेक्षा जास्त मागत असते. कमी जोखमीच्या वर्गातील वैयक्तिक खात्याचे केवायसी १० वर्षांतून एकदा नव्याने करायचे असते, मध्यम जोखमीच्या वर्गाचे ८ वर्षांतून आणि जास्त जोखमीच्या वर्गाचे २ वर्षांतून. निवृत्त शिक्षकाचे किंवा गृहिणीचे साधे बचत खाते सहसा पहिल्या वर्गात असते. नाव, पत्ता यात काहीही बदल नसेल तर तसे लिहून सही केलेली स्वयंघोषणा पुरते, साक्षांकित प्रती लागत नाहीत. अपवाद दोन आहेत. बँकेकडची जुनी कागदपत्रे आजच्या यादीत बसत नसतील, किंवा त्यावेळी दिलेल्या पासपोर्टची वा वाहन परवान्याची मुदत संपली असेल, तर कागदपत्रे नव्याने घ्यावी लागतात. त्यामुळे शाखेने यादी देताना हे दोन गट वेगळे करून द्यावेत. सगळ्यांना एकच पत्र पाठवले की ज्याला फक्त सही करायची आहे तोही आधारकार्ड, झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन रांगेत उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार मुदतीच्या आधी निदान तीन सूचना आणि मुदत उलटल्यावर निदान तीन स्मरणपत्रे द्यायची आहेत. दोन्ही वेळी त्यातली किमान एक सूचना कागदी पत्राने जायला हवी. सूचनेत काय असावे तेही सुचवले आहे : कळायला सोप्या सूचना, अडचण आली तर कोणाकडे जायचे, आणि वेळेत न केल्यास काय होईल. वरच्या मसुद्यात यातली फक्त तिसरी गोष्ट आहे.

आमचा मसुदा

समजा खाते कमी जोखमीचे आहे, मागचे केवायसी सप्टेंबर २०१६ मध्ये झाले आहे आणि शाखेच्या माहितीप्रमाणे पत्ता तोच आहे. मग पत्र असे होते. नाव आणि क्रमांकांच्या जागा इथे मोकळ्या ठेवल्या आहेत.

"नमस्कार …………,

आपले आमच्या शाखेत बचत खाते आहे. खात्यातले पैसे सुरक्षित आहेत आणि व्यवहार नेहमीसारखे चालू आहेत.

दर काही वर्षांनी खातेदाराचे नाव, पत्ता आणि फोन नंबर तोच आहे ना, हे आम्हाला विचारून घ्यावे लागते. यालाच केवायसी म्हणतात. आपले मागचे केवायसी २०१६ मध्ये झाले होते. पेन्शनसाठी नोव्हेंबरमध्ये देता तो हयातीचा दाखला वेगळा. तो दिला असला तरी हे काम करावे लागते.

काही बदलले नसेल तर सोबतच्या कागदावर सही करून तो शाखेत द्या. झेरॉक्स लागणार नाही, पैसे लागणार नाहीत. मुलगा, सून किंवा शेजारी, कोणीही आणून दिला तरी चालेल. पत्ता बदलला असेल तर नवा पत्ता त्याच कागदावर लिहा. तो तपासायला काय लागेल ते आम्ही सांगू.

हे काम बुधवार, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत करायचे आहे. तोपर्यंत जमले नाही तर लगेच काही बंद होत नाही, आम्ही पुन्हा आठवण करू. पण त्यानंतर वर्षभरातही राहून गेले तर खात्यातले व्यवहार थांबवावे लागू शकतात.

येणे जमत नसेल किंवा काही विचारायचे असेल तर सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात श्रीमती ………… यांना फोन करा. नंबर आपल्या पासबुकाच्या पहिल्या पानावर आहे.

या कामासाठी आम्ही फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही आणि मोबाइलवर लिंक पाठवत नाही. कोणी विचारले तर फोन ठेवून द्या आणि आम्हाला कळवा."

हा मसुदा मूळ पत्रापेक्षा बराच लांब झाला आहे, आणि शाखा व्यवस्थापकांचा पहिला आक्षेप हाच असतो. पण छोटे म्हणजे सोपे, असे नसते. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने उत्तरे मिळाली तर पानभर पत्रही तो न थांबता वाचतो. पहिला प्रश्न नेहमी पैशांचा, म्हणून ते वाक्य सर्वांत वर. हयातीच्या दाखल्याचे वाक्य मूळ मसुद्यांत कधीच नसते. शाखेत मात्र रोज कोणीतरी म्हणते, "अहो, नोव्हेंबरमध्ये दिले ना सगळे!" ते एक वाक्य घातले की काउंटरवरचे बरेच वाद तिथेच मिटतात.

दुसरा आक्षेप "लगेच काही बंद होत नाही" या वाक्यावर येतो. असे सांगितले तर कोणी येणारच नाही, असे म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. कमी जोखमीच्या खात्याला मुदतीनंतर वर्षभर व्यवहार करू द्यायचे, असा नियमच आहे, आणि खोटी धमकी एकदा उघडी पडली की पुढच्या खऱ्या पत्राला कोणी मोजत नाही. उलट व्यवहार थांबू शकतात हे वाक्य गोड बोलण्याच्या नादात गाळायचेही नाही. ते आम्ही ठेवतोच, फक्त काय करायचे ते सांगून झाल्यावर.

फोन नंबर आम्ही मुद्दाम पत्रात छापत नाही, पासबुकाकडे बोट दाखवतो. खोटे पत्र कोणीही छापू शकतो, पासबुक मात्र खातेदाराच्या कपाटात असते. पासबुकावरचा नंबर बदलला असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही. मग नवा नंबर शाखेच्या फलकावर लावून पत्रात तसे सांगावे लागते.

छपाई

अक्षर १४ पॉइंटांपेक्षा लहान नको. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत जागा थोडी जास्तच सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि अधू नजरेला दोन्ही ओळी एक दिसतात. चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली चमकतो, साधा बरा. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा आणि वार द्यायचा. खाते क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत छापतो. पासबुकावर तेच आकडे असतात, शिवाय १ आणि ९ पुसट छपाईत एकसारखे दिसतात.

आम्ही काय बदलत नाही

स्वयंघोषणेचा नमुना बँकेने मंजूर केलेला असतो, त्यातला शब्दही आम्ही हलवत नाही. तो कठीण असेल तर कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून पाठवा. नियमाचा उल्लेख करायचाच असेल तर तो पत्राच्या तळाशी. जे शाखा करू शकत नाही ते पत्रात लिहीत नाही. ७० वर्षांवरील ग्राहकांची केवायसीची कागदपत्रे घरी जाऊन घेण्याची सोय करावी, असे रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना २०१७ मध्येच सांगितले. तुमच्या शाखेत घरी पाठवायला माणूस असेल तरच ते वाक्य आम्ही घालू. ओटीपी आणि लिंकच्या परिच्छेदाचेही तसेच. तुमचे मुख्य कार्यालय केवायसीसाठी एसएमएसमधून लिंक पाठवत असेल तर आमचे वाक्य खोटे ठरेल. आधी ते थांबवा किंवा हे वाक्य काढा.

दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले खाते आणि खातेदार हयात नसलेले खाते यांना हे पत्र पाठवू नये. त्यांची पत्रे वेगळी असतात. दुसऱ्या प्रकारात तर "नमस्कार" कोणाला घालायचा इथपासून विचार करावा लागतो, म्हणून यादी देण्याआधी वारसनोंदीचे अर्ज तपासून घ्या.

तपासणी

मसुदा झाला की तुमच्याच शाखेतल्या चार-पाच ज्येष्ठ खातेदारांना तो वाचायला द्यावा, असा आमचा आग्रह असतो. त्यांना "समजले का?" असे विचारू नका. मोठी माणसे भिडेखातर हो म्हणतात. "आता तुम्ही काय कराल?" असे विचारा. उत्तरात सही, कागद आणि तारीख आली तर मसुदा बरा आहे. "मुलाला विचारीन" असे उत्तर आले तर कोणत्या वाक्यावर नजर थांबली ते पाहून ते आम्हाला कळवा. ते वाक्य आम्ही पुन्हा लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पत्रे एकदम टाकू नका, आठवड्याला थोडीथोडी टाका, आणि पेन्शनच्या तारखेचा आठवडा सोडा. पत्रात ज्यांचे नाव आहे त्या कर्मचाऱ्यांना पत्राची प्रत आधी द्या. खातेदार फोनवर त्यातलेच वाक्य वाचून दाखवतात.