कागदी फॉर्मपासून एपीके फाइलपर्यंत: ‘हप्ता’ मेसेजमागचा इतिहास

‘हप्ता पडला का?’ हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या गावांत आता ऊसबिलाइतक्याच सहजपणे विचारला जातो. हा प्रश्न सुरू झाला की गावाच्या ग्रुपवर एखादी एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल येते. नाव असते `PM KISAN YOJANA.apk` किंवा त्याच्या आसपासचे काहीतरी. खाली दोन-तीन ओळी: तुमचा हप्ता थांबला आहे, केवायसी आजच पूर्ण करा, सोबतचे अ‍ॅप डाउनलोड करा. भाषा बहुतेक वेळा मोडकी मराठी, कधी सरळ हिंदी. पाठवणारा मात्र ओळखीचा असतो. सोसायटीचा संचालक, शाळेतले सर, नाहीतर नात्यातला कोणीतरी.

ही फाइल अचानक उगवलेली नाही. खोट्या योजनांना दहाएक वर्षांचा इतिहास आहे, आणि या काळात फसवणाऱ्याला आपल्याकडून काय हवे असते ते टप्प्याटप्प्याने बदलत गेले आहे. तो बदल नीट पाहिला की आजच्या मेसेजमधला एकेक रकाना का आहे हे कळते.

सुरुवात कागदापासून झाली. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही मोहीम जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. मुलींचे घटते प्रमाण आणि शिक्षण यांवर जागृती करणे हा तिचा हेतू, थेट पैसे देण्याची तरतूद तिच्यात नाही. तरी उत्तरेकडच्या काही राज्यांत मुलीला 2 लाख रुपये मिळतील असे सांगणारे छापील फॉर्म विकले जाऊ लागले आणि लोक ते भरून दिल्लीला पोस्टाने पाठवू लागले. शेवटी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला. तेव्हा कमाई होती ती फॉर्म विकणाऱ्याची आणि भरून देणाऱ्याची, म्हणजे माणशी फार तर शे-पन्नास रुपयांची. अशा अफवांना इकडे यायला वेळ लागत नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली माणसे देशभर पसरलेली आहेत. परराज्यातल्या बाजारपेठेत सकाळी फिरलेला मेसेज दुपारपर्यंत विट्याच्या भावकीच्या ग्रुपवर असतो. हिंदी मजकूर मराठी गावात इतका खपतो त्याचे एक कारण हेही असावे.

मग लिंक आली. 2019 च्या लोकसभा निकालानंतर 2 कोटी तरुणांना मोफत लॅपटॉप देण्याचा मेसेज देशभर फिरला. दिल्ली पोलिसांनी जूनमध्ये राजस्थानातल्या एका तरुणाला अटक केली. तो आयआयटीत शिकलेला होता. त्याचा हिशेब वेगळाच होता. पानावर जाहिराती लावायच्या आणि जितके लोक येतील तितके जाहिरातीचे पैसे घ्यायचे. त्या काळातल्या अशा बहुतेक लिंकांवर शेवटी ‘दहा ग्रुपवर पाठवा, मगच नोंदणी पूर्ण होईल’ अशी अट असायची, ती याचसाठी. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डवर मर्यादा आणली. भारतात जुलै 2018 पासून एका वेळी पाचच चॅट, आणि एप्रिल 2020 पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. फुकटात लाखोंपर्यंत पोचण्याचा तो धंदा त्यामुळे अवघड झाला.

पण एव्हाना दुसरी गोष्ट घडून गेली होती. खऱ्या योजनाच मोबाइलवर आल्या होत्या. पीएम किसान फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली: वर्षाला 6,000 रुपये, 2,000 चे तीन हप्ते, थेट खात्यावर. 2022 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात आधार बँकेला जोडलेले नाही, जमिनीची नोंद जुळत नाही, अशा कारणांनी अनेकांचे हप्ते खरोखरच अडकले. 2023 मध्ये राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000 त्यात आले. 2024 मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला 1,500 रुपये, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिलाही ई-केवायसी लागली. ती जाहीर होताच खोट्या वेबसाइटही दिसू लागल्या.

माझ्या मते या इतिहासातली खरी कलाटणी इथे आहे. लॅपटॉपचा मेसेज लोभावर चालत होता. हप्त्याचा मेसेज चालतो तो धास्तीवर. आपल्या हक्काचे दोन हजार एका ओटीपीपायी बुडतील ही भीती खोटी नाही, ती सरकारी कारभारानेच शिकवलेली आहे. खटाव-माणमध्ये सेतू केंद्रावर दोनदा हेलपाटा घालून, सर्व्हर बंद म्हणून परत आलेल्या माणसाला ‘घरबसल्या केवायसी’ हे शब्द कसे वाटतात ते सांगायला नको.

मधला एक टप्पा सौरपंपांचा. कुसुम योजनेच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या आणि नोंदणी शुल्क किंवा ‘लाभार्थी हिस्सा’ म्हणून पैसे मागू लागल्या. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याविरुद्ध वेळोवेळी इशारे दिले. ही फसवणूक जमायचे कारण असे की खऱ्या योजनेतही शेतकऱ्याला हिस्सा भरावाच लागतो. महाराष्ट्रात सर्वसाधारण गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. त्यामुळे जतच्या डाळिंबवाल्याला पैसे मागितल्याचा संशय येत नाही. भरीला, राज्य सरकारच्या महाऊर्जा संस्थेची खरी नोंदणी `kusum.mahaurja.com` अशा पत्त्यावर झाली. म्हणजे ‘शेवटी gov.in नसेल तर खोटे’ हा सोपा नियम सांगावा, तर सरकारच तो मोडते.

आता आजची एपीके. पूर्वीच्या लिंकला तुमचा क्लिक हवा होता, सौरपंपवाल्याला तुमचे पैसे, आणि या फाइलला हवा आहे तुमचा फोन.

पलूस तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने फाइलवर बोट ठेवले असे धरून चालू. अँड्रॉइड प्रथम अडवतो. हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरचे नाही, व्हॉट्सअ‍ॅपमधून अ‍ॅप बसवायला परवानगी द्यायची का, असे विचारतो. पडद्यावर ती ओळ `Install unknown apps` अशी असते. मेसेजमध्ये आधीच सांगितलेले असते की असे विचारले तर ‘हो’ म्हणा. काही प्रकारांत इंस्टॉल करताना इंटरनेट बंद ठेवायलाही सांगतात, म्हणजे फोनच्या तपासणीला फाइल ऑनलाइन पडताळता येत नाही. मग हिरवे पान उघडते, योजनेचे चिन्ह दिसते आणि अ‍ॅप एसएमएस वाचण्याची व पाठवण्याची परवानगी मागते. हप्त्याच्या अ‍ॅपला एसएमएस कशाला, हा प्रश्न त्या क्षणी पडला तर पुढचे सगळे टळते.

त्यानंतरचे रकाने नीट पाहण्यासारखे आहेत. नाव, मोबाइल, आधार क्रमांक, जन्मतारीख, मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत. शेवटी ‘खाते पडताळणीसाठी 1 रुपया भरा’ आणि त्यासाठी यूपीआय पिन.

कार्डाचे सहाच आकडे का? कारण यूपीआयचा नवा पिन ठरवताना बँकेला नेमके तेवढेच लागते: शेवटचे सहा आकडे, मुदत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. ओटीपी विचारायची गरज उरलेली नाही, अ‍ॅप तो परस्पर वाचते. दुसरे कुलूप सिमचे. यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो, त्यावरून हा क्रमांक याच फोनमध्ये आहे असे ठरते. ठगाकडे आपले सिम नसते. पण आपल्या फोनमधले त्याचे अ‍ॅप तो एसएमएस आपल्या सिमवरून पाठवू शकते. मग आपले खाते त्याच्या फोनवर उघडते. एक रुपयाची पावती हा नुसता देखावा असतो, तेवढ्यात पिन तिकडे पोचलेला असतो. पैसे लगेच जातील असेही नाही. ऊसबिल किंवा पीककर्जाची रक्कम जमा झाल्याचा बँकेचा एसएमएसही ते अ‍ॅप वाचत असते.

हीच सोय पसरण्यासाठी वापरली जाते. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करायला सहा आकडी कोड लागतो आणि तो एसएमएसने येतो. कोड वाचला की आपले व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या ताब्यात, आणि तीच फाइल आपल्या नावाने भावकी, पाणीपुरवठा संस्था, दहावीची बॅच अशा सगळ्या ग्रुपवर. फॉरवर्डची मर्यादा इथे कामाची नाही, कारण प्रत्येक ग्रुपवर फाइल नव्याने पाठवता येते आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ ही खूण लागत नाही. पाठवणारे सर खरेच असतात, फक्त पाठवलेले त्यांनी नसते. यावर एक साधा बंदोबस्त चालतो: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Two-step verification` चालू करून पिन ठेवणे. तो पिन एसएमएसने येत नाही, म्हणून एसएमएस वाचणाऱ्याला सापडत नाही.

खऱ्याची ओळख तुलनेने सोपी आहे. पीएम किसानची ई-केवायसी तीन प्रकारे होते: `pmkisan.gov.in` वर ओटीपीने, सेवा केंद्रात अंगठ्याने, किंवा प्ले स्टोअरवरच्या `PMKISAN GoI` या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून. तिन्हींत डेबिट कार्ड कुठेच येत नाही. पैसे जमा व्हायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो लागतो खात्यातून पैसे जाताना. आणि पत्ता वाचायचा तो `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून, ती नसेल तर शेवटापासून, उलटा, उजवीकडून डावीकडे. `pmkisan.gov.in.kyc-hapta.xyz` अशा पत्त्यात सुरुवात सरकारी दिसते, पण मालक `kyc-hapta.xyz` आहे.

फाइल बसलीच तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहावे, म्हणजे एसएमएस बाहेर जाणे थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवावे. ही तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. पैसे पुढच्या खात्यात जाऊन एटीएममधून निघण्याआधी तक्रार पोचली तर गोठवता येतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घालावे. अ‍ॅपचे चिन्ह पुष्कळदा लपवलेले असते, त्यामुळे ‘दिसत नाही म्हणजे गेले’ असे समजू नये. महत्त्वाचे फोटो काढून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करणेच बरे.

भरपाईचे मात्र कठीण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकाने स्वतः पिन किंवा तपशील दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. हिरव्या पानावर आपल्या हाताने पिन टाकलेल्या माणसाला बँक बहुधा पहिले वाक्य दाखवत नाही, दुसरे दाखवते. म्हणून शाखेत तक्रार देताना तारीख आणि वेळ लिहून पोच घ्यावी. कळवल्यानंतर गेलेली रक्कम मागायची तर त्या वेळेचा पुरावा लागतो.