पार्श्वभूमी: कापलेल्या कडा आणि मोठ्या टीव्हीवरचे धूसर चित्र

625 ओळींच्या पद्धतीचे जुने चित्र डिजिटल स्वरूपात आणले की ते 720×576 पिक्सेलचे होते. आजच्या 4के टीव्हीच्या पॅनेलवर 3840×2160 पिक्सेल असतात, म्हणजे बरोबर वीसपट. जुने रेकॉर्डिंग अशा टीव्हीवर पडदाभर लावले, तर दर वीस पिक्सेलमागे एकाचीच माहिती मुळातून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्हीतला स्केलर शेजारपाजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. त्यात अंतराची भर पडते. 21 इंची पिक्चर ट्यूबचा पडदा जेमतेम 32 सेंटीमीटर उंच होता. दोन मीटरवर बसले की 576 ओळी डोळ्याला सुट्या दिसत नसत. त्याच जागी 55 इंची टीव्ही आला की पडद्याची उंची 68 सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि पूर्वी लपलेली प्रत्येक उणीव उघडी पडते.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण याने एक प्रश्न सुटत नाही. व्हिडिओ 1920×1080 चा, पॅनेलही 1920×1080 चे, मध्ये डिजिटल केबल. पिक्सेलला पिक्सेल जुळायला हवा. तरीही सपाट टीव्हीच्या पहिल्या दशकात असंख्य घरांत हे चित्र किंचित बोथट दिसत होते, आणि काही टीव्हींवर आजही दिसते. याचे उत्तर ओव्हरस्कॅन या एका शब्दात आहे, म्हणजे चित्र पडद्यापेक्षा मोठे करून त्याच्या कडा कापणे.

पिक्चर ट्यूबमध्ये चित्राची कड कधीच पक्की नसायची. दृश्य उजळले की पडद्यावर चित्र रेखणाऱ्या इलेक्ट्रॉन शलाकेचा प्रवाह वाढे, व्होल्टेज थोडे ढळे आणि चित्र फुगे. टीव्ही जुना झाला की ते आक्रसत जाई. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे ठेवले जाई, आणि चारी बाजूंचा काही भाग चौकटीमागे जाई. चित्रीकरण करणारेही हे धरूनच चालत. महत्त्वाची हालचाल आणि अक्षरे ते आतल्या सुरक्षित चौकटीत ठेवत. ट्यूबवर या कापण्याने धूसरपणा येत नव्हता, कारण शलाकेला ठरावीक पिक्सेलची जाळी नव्हती. ती जरा रुंद फिरली, एवढेच.

सपाट पॅनेलवर कड हलत नाही, त्यामुळे ओव्हरस्कॅनचे मूळ कारण तिथेच संपले. तरीही तो ठेवला गेला, आणि मुख्य म्हणजे न विचारता चालू ठेवला गेला. त्याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. जुन्या प्रक्षेपणात चित्राच्या अगदी वरच्या ओळीत पडद्याच्या आकाराचा संकेत असायचा, आणि पूर्ण चित्र दाखवले तर वर पांढऱ्या तुटक रेघा लुकलुकत. त्या पाहून ग्राहक टीव्ही बिघडला म्हणून तक्रार करणार, ही भीती रास्त होती. पण त्या काही रेघा लपवायला सगळे चित्र ताणणे, तेही असल्या रेघा ज्यात नाहीत अशा डिजिटल सिग्नलवरसुद्धा, हा सौदा माझ्या मते पहिल्यापासून चुकीचा होता.

नुकसान किती, ते मोजता येते. समजा टीव्ही पाच टक्के कापतो. 1920×1080 मधून मधोमधचा 1824×1026 चा तुकडा उरतो आणि तो पुन्हा 1920×1080 वर ताणला जातो. म्हणजे मूळच्या 19 पिक्सेलचे 20 करायचे. पहिला पिक्सेल आपल्या जागी चपखल बसतो. पुढचा थोडा सरकतो, त्यापुढचा आणखी थोडा, आणि मधोमध पोचेपर्यंत एका पिक्सेलची माहिती दोघांत अर्धी अर्धी वाटली जाते. विसाव्यानंतर पुन्हा जुळते. अशा 96 उभ्या पट्ट्या पडद्यावर तयार होतात. चेहऱ्यावर, आकाशावर ते जाणवत नाही, फक्त सगळे जरा मवाळ वाटते. एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचे चित्र लावले की मात्र लगेच दिसते: दर वीस पिक्सेलला रेघा स्वच्छ होतात आणि मध्ये करड्या धुक्यात विरतात.

हा प्रकार सर्वांत आधी लक्षात आला तो संगणक जोडणाऱ्यांच्या. डेस्कटॉपच्या तळाची पट्टी अर्धी कापलेली, कोपऱ्यातले घड्याळ गायब, अक्षरांच्या कडा मळकट. त्यावर ग्राफिक्स कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये उलटा उपाय आला: टीव्ही ताणणारच आहे, तर चित्र आधीच आकसून पाठवा. पट्टी दिसू लागली, पण आता चित्र एकदा लहान आणि एकदा मोठे होत होते, म्हणजे धूसरपणा दुप्पट. काही ड्रायव्हर हे आपोआप करत, त्यामुळे कडा न कापणाऱ्या मॉनिटरवरही चारी बाजूंना काळी चौकट येई.

एचडीएमआयच्या संकेतात ‘कडा कापू नका’ असे सांगायची सोय आहे. ती पाळायची की नाही हे टीव्हीवर राहिले. म्हणून खरा इलाज मेनूतच शोधावा लागतो, आणि त्याला एक नाव नाही. कुठे `Just Scan`, कुठे `Screen Fit`, कुठे `Dot by Dot`, कुठे `Full Pixel`. सर्वांचा अर्थ एकच: कापू नका, ताणू नका. अनेक टीव्हींवर ही निवड प्रत्येक एचडीएमआय इनपुटला वेगळी असते, त्यामुळे केबल दुसऱ्या खाचेत लावली की जुना दोष परत येतो.

शार्पनेसची गोष्टही त्याच जुन्या काळातली. ॲनालॉग प्रक्षेपणात बारीक तपशील वाटेत खरोखरच क्षीण होत. शिवाय रंगाचा संकेत वेगळा काढणारी चाळणी त्यांतले काही गिळून टाके. शार्पनेसचे बटण त्या क्षीण झालेल्या भागाला पुन्हा उठाव देई. डिजिटल सिग्नलमध्ये ती झीजच नाही, बटण मात्र राहिले. आता ते कडेच्या एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट रेघ ओढते. लांबून चित्र कणखर वाटते, जवळून अक्षरांभोवती पांढरी किनार दिसते. कॉम्प्रेशनने पुसलेला तपशील ते परत आणू शकत नाही. उलट कॉम्प्रेशनचे चौकोन आणि दाणे हेच त्याला तपशील वाटतात, आणि ते अधिक ठळक होतात.

गोंधळ आकड्यांचा. काही टीव्हींवर शार्पनेस 0 म्हणजे ‘काहीच करू नका’, तर काहींवर तटस्थ जागा मधोमध असते आणि 0 वर चित्र मुद्दाम धूसर केले जाते. म्हणून ‘शार्पनेस शून्य करा’ हा सरसकट सल्ला सगळ्या टीव्हींना लागू पडत नाही. आधी ओव्हरस्कॅन बंद करावा, मग करड्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची काळी रेघ लावावी. आकडा वाढवत गेले की रेघेशेजारी पांढरी किनार उगवते. तो कमी करत ती किनार नेमकी जिथे मावळते, तिथे थांबायचे. त्याखाली गेल्यावर काळी रेघच करडी होऊ लागली, तर त्या टीव्हीचे शून्य शून्यावर नाही हे कळते.

हे क्रमानेच करावे लागते. कडा कापलेल्या असताना रेघ आधीच दोन पिक्सेलांत वाटलेली असते, आणि तिला धारदार करण्यासाठी चढवलेला आकडा पुढे ओव्हरस्कॅन बंद केल्यावर किनारीच्या रूपाने उरतो.