कर कुणी किती भरायचा: लाभ पाहून की ऐपत पाहून?

‘एवढा कर भरतो, मला त्यातून मिळतं काय?’ हा प्रश्न दर मार्चमध्ये कानावर येतो. विचारणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कर म्हणजे सरकारी सेवेची किंमत. त्यावर समोरून ठरलेलं उत्तर येतं, की श्रीमंताला रुपयाचं मोल कमी वाटतं, म्हणून त्याने जास्त टक्के भरावेत, हे तर अर्थशास्त्राने सिद्ध केलंय. सेवेची किंमत मोजणाऱ्या विचाराला लाभ तत्त्व म्हणतात आणि ऐपत पाहणाऱ्याला करदान क्षमतेचं तत्त्व. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये ही दोन्ही एकाच वाक्यात बसवली होती: राज्याच्या संरक्षणाखाली ज्याला जेवढं उत्पन्न मिळतं, त्या प्रमाणात, म्हणजेच आपापल्या क्षमतेनुसार, त्याने कर द्यावा. पुढच्या शतकात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दोन्ही तत्त्वं कुठपर्यंत पोचतात हे आकडे मांडूनच कळतं.

आधी लाभ तत्त्व. मुंबईत घर विकत घेताना पाच टक्के मुद्रांक शुल्काशिवाय आणखी एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. एक कोटीच्या सदनिकेवर तो एक लाख रुपये होतो. त्यामागचा युक्तिवाद चांगला आहे. मेट्रो आली की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात, ही वाढ मालकाने कष्टाने मिळवलेली नसते, मग तिचा थोडा भाग मेट्रोच्या खर्चासाठी मागायला हरकत काय?

पण वसुली कशी होते ते पाहा. स्थानकाला लागून असलेलं घर आणि मेट्रोपासून लांबच्या उपनगरातलं घर, दोन्हींना एकच टक्का. शिवाय पैसे भरतो खरेदीदार, आणि त्याने तर वाढलेला भाव किमतीतच मोजलेला असतो. खरा लाभ झाला तो मार्गिका जाहीर होण्याआधीपासून जागा धरून बसलेल्याला. खरेदीदार घासाघीस करून अधिभाराचा काही भार विकणाऱ्यावर टाकू शकतो, पण किती, हे त्या वेळच्या बाजारावर ठरतं. आणि ज्याने जागा विकलीच नाही, त्याच्याकडून काहीच येत नाही. लाभकर तपासायची ही सोपी रीत आहे: लाभ ज्याच्या हातात पडला आणि रक्कम ज्याच्या खिशातून गेली, ती एकच व्यक्ती आहे का, आणि लाभ वाढला तर रक्कमही वाढते का? मेट्रो अधिभार दोन्ही ठिकाणी अडखळतो. पथकर मात्र दोन्हींतून पार होतो, कारण जो त्या रस्त्यावरून जातो तोच भरतो आणि जितक्या फेऱ्या तितकी रक्कम.

मुंबईच्या मालमत्ता कराच्या देयकात तर ‘जल लाभ कर’ अशी स्वतंत्र ओळ असते. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कामांचा खर्च त्यातून निघावा, हा तिचा हेतू. पण ही रक्कम घराच्या भांडवली मूल्यावर मोजली जाते, किती बादल्या पाणी वापरलं यावर नाही. आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, पाणी मात्र त्यांनाही मिळतं. लाभाच्या नावाने सुरू झालेला हिशोब इथे ऐपतीवर येऊन थांबला.

लाभ तत्त्वाची खरी अडचण याहून खोल आहे. पोलीस, संरक्षण, साथरोग नियंत्रण या सेवा एकाला दिल्या की सगळ्यांना मिळतात. प्रत्येकाला त्या सेवेचं जेवढं मोल वाटतं तेवढं त्याने द्यावं, अशी नेटकी योजना स्वीडनच्या एरिक लिंडालने १९१९ मध्ये मांडली. ती कागदावर चोख आहे. पण किती मोल वाटतं असं विचारून त्यावरच आकारणी करणार असाल, तर प्रत्येकजण कमीच सांगेल, कारण सेवा तर तशीही मिळणारच असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे गरिबांसाठीची मदत. रोजगार हमीच्या कामाचा लाभ मजुराला होतो म्हणून तिचा खर्च मजुरानेच भरायचा, असं म्हटलं तर योजनेला अर्थच उरत नाही.

म्हणून आपण ऐपतीकडे वळतो. इथे एक सुंदर यंत्रणा आहे, आणि ती बहुतेकांना चुकीची सांगितली जाते.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये म्हटलं की कर असा वाटावा, की प्रत्येकाला सारखाच त्याग घडेल. रुपये सारखे नव्हेत, त्याग सारखा. बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवतात: हातात पैसे जितके जास्त, तितकं पुढच्या रुपयाचं मोल कमी. त्यावरून लोक लगेच म्हणतात की श्रीमंताचा कराचा टक्का जास्त असायलाच हवा. निष्कर्ष घाईचा आहे. मोल घटतं हे पुरेसं नाही, ते किती वेगाने घटतं यावर सगळं ठरतं.

हिशोब करून पाहू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २० लाख करपात्र उत्पन्नावर, चार टक्के उपकर धरून, दोन लाख आठ हजार रुपये कर होतो, म्हणजे १०.४ टक्के. हा त्याग प्रमाण मानू, आणि ५० लाखवाल्याने तेवढाच त्याग करायचा तर त्याला किती कर लागेल ते काढू.

समजा, उत्पन्न चौपट झालं की पुढच्या रुपयाचं मोल निम्मं होतं. मोल घटतंय, पण सावकाश. मग सारख्या त्यागासाठी ५० लाखवाल्याने भरायचे साधारण ३ लाख ३२ हजार, म्हणजे ६.६ टक्के. श्रीमंताचा टक्का चक्क कमी आला! सीमांत उपयोगितेचा नियम इथे पूर्ण पाळलेला आहे आणि तरीही कर प्रतिगामी ठरला.

आता समजा, उत्पन्न दुप्पट झालं की मोल निम्मं होतं. मग उत्तर बरोबर १०.४ टक्के येतं, ५० लाखांवरही आणि एक कोटीवरही. म्हणजे सर्वांना एकच दर. मिल स्वतःही याच्याच जवळ होता: जगण्यापुरतं उत्पन्न करमुक्त ठेवावं आणि त्यावरच्या कमाईला एकच दर लावावा, असं त्याचं मत होतं.

तिसरी शक्यता, उत्पन्न दुप्पट झालं की मोल चौथाई होतं. इथे त्याग मोजायची कृती साध्या कॅल्क्युलेटरवर होते. सगळे आकडे लाखांत घ्या. एकाला कर भरल्यावर उरलेल्या उत्पन्नाने भागा, त्यातून एकाला मूळ उत्पन्नाने भागून आलेला आकडा वजा करा. २० लाखवाल्याचे उरतात १७.९२. एक भागिले १७.९२ म्हणजे ०.०५५८०४, एक भागिले २० म्हणजे ०.०५, म्हणून त्याग ०.००५८०४. आता ५० लाखवाल्यासाठी उलट जा: एक भागिले ५० म्हणजे ०.०२, त्यात त्याग मिळवला की ०.०२५८०४, आणि एकाला त्याने भागलं की ३८.७५. एवढे लाख त्याच्याकडे उरले पाहिजेत. म्हणजे कर सुमारे ११ लाख २५ हजार, २२.५ टक्के.

आता प्रत्यक्ष कायदा पाहू. ५० लाख करपात्र उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर येतो ११ लाख २३ हजार. दोन्ही आकडे जवळजवळ एकमेकांवर बसतात. कायदा करणाऱ्यांनी हा हिशोब मांडला होता असं यावरून म्हणता येणार नाही, पण २० ते ५० लाखांच्या टप्प्यात आपला आयकर ‘दुप्पट उत्पन्नाला चौथाई मोल’ मानल्यासारखा वागतो, हे खरं.

टप्प्याबाहेर मात्र तो तसा वागत नाही. हाच त्याग १० लाखवाल्याकडून मागितला तर सुमारे ५५ हजार रुपये निघतात, पण कायदा त्याच्याकडून काहीच घेत नाही, कारण १२ लाखांपर्यंत करसवलत आहे. वरच्या टोकाला एक कोटीवर सारख्या त्यागाचा कर ३६ लाख ७२ हजार येतो. कायद्याने, दहा टक्के अधिभार आणि उपकर धरूनही, तो २९ लाख ५२ हजारांच्या आसपास थांबतो. खाली दया, वर सवलत आणि सगळा ताण मधल्यांवर, असं या मापाने दिसतं. मोल घटण्याचा वेग वेगळा धरला तर हे चित्रही बदलेल, आणि तो वेग दोन माणसांच्या मनात डोकावून मोजायचं साधन कुणाकडे नाही. ‘अर्थशास्त्राने सिद्ध केलंय’ म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारावं, की कोणता वेग धरलात? ५० लाखांवर ६.६ ते २२.५ टक्क्यांपर्यंतची सगळी उत्तरं एकाच नियमातून निघतात.

याच ठिकाणी ‘मूठभर लोकच कर भरतात आणि बाकीचे फुकट खातात’ हा समाजमाध्यमांवरचा संदेशही तपासावा. तो फक्त आयकरापुरता बोलतो. साबण, टूथपेस्ट, मोबाइलचं रिचार्ज यांवरचा जीएसटी घरकाम करणारी बाईही भरते, आणि तो भरताना तिची ऐपत कुणी विचारत नाही. कमी उत्पन्नाचं घर जवळजवळ सगळी कमाई खर्च करतं, म्हणून उत्पन्नाशी तुलना केली तर असा कर त्याच्यावर जड पडतो.

दोन तत्त्वांची सरमिसळ महाराष्ट्राच्या व्यवसाय करात नीट दिसते. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तोच हा कर. तो १९७५ च्या कायद्याने, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचं, म्हणजे लाभाचा संबंधच नाही, हेतू निखळ ऐपतीचा. पण आकारणी पाहा. महिना साडेबारा हजार मिळवणाऱ्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या १.६७ टक्के. महिना अडीच लाख मिळवणाऱ्यालाही २,५००, म्हणजे ०.०८ टक्के. वर सांगितलेल्या कुठल्याही वेगाने हिशोब केला तरी हा त्याग सारखा येत नाही. सगळ्यात सावकाश मोल घटवलं तरी वीसपट उत्पन्नवाल्याने यापेक्षा बरंच जास्त द्यायला हवं.

महिलांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर माफ झाला, ते चांगलंच झालं. पण उंबरठा सरळ कड्यासारखा आहे. पगार २५,००० असेल तर कपात शून्य आणि २५,००१ झाला की २०० रुपये. एक रुपया वाढला आणि हातात १९९ कमी आले. आयकरात १२ लाखांच्या पुढे असंच होऊ नये म्हणून सीमांत सवलतीची तरतूद आहे. इथे ती नाही. ती राज्याला आपल्या कायद्यातच करता येईल. वरच्या टोकाचा प्रश्न मात्र राज्याच्या हाताबाहेरचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराला माणशी वार्षिक कमाल मर्यादा आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि अजून तिथेच आहे. महिना अडीच लाखवाल्याकडून त्याच्या ऐपतीप्रमाणे व्यवसाय कर घ्यायचा, तर आधी संसदेत घटना बदलावी लागेल.