कर्ज घेण्यासाठी संचालक मंडळाचा ठराव: मर्यादा आणि सहीचा अधिकार कसा लिहावा

बँकेने कर्ज मंजूर केल्यावर कागदपत्रांच्या यादीत पहिली मागणी असते ती संचालक मंडळाच्या ठरावाच्या प्रमाणित प्रतीची. बरेच जण जुना ठराव काढून रक्कम आणि तारीख बदलून देतात. अडचणी तिथूनच सुरू होतात, म्हणून शब्दरचना नीट समजून घेऊ.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 179(3) नुसार कर्ज घेण्याचा निर्णय मंडळाच्या बैठकीतच व्हावा लागतो. कागद फिरवून सह्या घेतल्या तर चालत नाही. बैठकीची नोटीस साधारणपणे किमान सात दिवस आधी द्यायची आणि गणपूर्ती झाल्याची नोंद इतिवृत्तात करायची.

त्यानंतर पाहायची ती कलम 180(1)(c) ची मर्यादा. समजा, एका पब्लिक कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल 2 कोटी, मुक्त राखीव निधी दीड कोटी आणि सिक्युरिटीज प्रीमियम 50 लाख आहे. बेरीज झाली 4 कोटी. आधीच्या मुदत कर्जापैकी अडीच कोटी फेडायचे बाकी आहेत आणि यंत्रसामग्रीसाठी आणखी 2 कोटी हवे आहेत. एकूण साडेचार कोटी होतात, म्हणजे आधी भागधारकांचा विशेष ठराव लागेल आणि त्यातही कमाल रक्कम लिहावी लागेल. हेच नवे कर्ज 1 कोटीचे असते तर मंडळाचा ठराव पुरला असता. रोजच्या व्यवहारासाठी बँकेकडून घेतलेले, मागताच किंवा सहा महिन्यांत फेडायचे तात्पुरते कर्ज या बेरजेत धरत नाहीत. यंत्रसामग्रीसारख्या भांडवली खर्चासाठीचे कर्ज मात्र धरावेच लागते. प्रायव्हेट कंपनीला कलम 180 मधून सूट आहे, पण वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद वेळेवर दाखल केलेले असतील तरच.

आता मर्यादेचे वाक्य. एका ठरावात मी स्वतः पाहिले आहे: “कंपनीने 80 लाख रुपयांपर्यंत कर्ज घ्यावे.” सुविधा कॅश क्रेडिटची होती. त्या खात्यात रोज पैसे भरले जात आणि काढले जात, त्यामुळे वर्षभरात काढलेली रक्कम काही कोटींवर गेली. मर्यादा ओलांडली का, असे लेखापरीक्षकांनी विचारले, तेव्हा ठरावातून उत्तर मिळेना. “कोणत्याही एका वेळी येणे बाकी” हे शब्द असते तर प्रश्नच उरला नसता. मराठी मसुद्यात इथे “थकीत” लिहू नका. बँकेच्या भाषेत थकीत म्हणजे मुदत उलटून गेलेली रक्कम.

मसुदा असा करता येईल:

“ठरविण्यात येते की, कंपनीने … बँकेच्या … शाखेकडून मुदत कर्ज रु. 1,00,00,000 आणि कॅश क्रेडिट रु. 80,00,000 अशा सुविधा बँकेच्या दि. … च्या मंजुरीपत्रातील अटींवर घ्याव्यात. मात्र या सुविधांपोटी कोणत्याही एका वेळी येणे बाकी असलेली मुद्दलाची रक्कम रु. 1,80,00,000 पेक्षा अधिक असू नये.

आणखी ठरविण्यात येते की, श्री. …, व्यवस्थापकीय संचालक, आणि श्रीमती …, वित्त प्रमुख, यांना कर्ज व तारणाच्या दस्तऐवजांवर एकत्रितपणे सह्या करण्याचा आणि रु. 10,00,000 पर्यंतच्या उचलीच्या मागणीपत्रावर दोघांपैकी कोणाही एकास सही करण्याचा अधिकार देण्यात येत आहे.”

“एकत्रितपणे” की “दोघांपैकी कोणीही” हे लिहिलेच नाही तर बँक कागद परत पाठवते. नावासोबत पद लिहा आणि नमुना सही जोडा. अधिकारी नोकरी सोडून गेला तर नवा ठराव करून बँकेला लगेच लेखी कळवा, नाहीतर जुनी सही बँकेच्या नोंदीत चालूच राहते. अधिकाऱ्याला फक्त सहीचा अधिकार द्यायचा आहे की किती कर्ज घ्यायचे हे ठरवण्याचा, हा फरकही महत्त्वाचा आहे. दुसरा अधिकार मंडळ आपल्या समितीला, व्यवस्थापकीय संचालकाला, व्यवस्थापकाला किंवा प्रमुख अधिकाऱ्यालाच सोपवू शकते. त्यामुळे “सर्व आवश्यक ते करण्यास” असे मोघम वाक्य या कामी पुरेसे समजू नये.

बँकेला प्रत देताना बैठकीची तारीख, ठिकाण आणि “खरी प्रत” हे शब्द हवेत. त्यावर कंपनी सचिवाची किंवा अधिकृत संचालकाची सही असावी. ज्याला अधिकार दिला त्यानेच प्रत प्रमाणित करू नये हे बरे. अनेक बँका अशी प्रत स्वीकारत नाहीत.

पब्लिक कंपनीला हा ठराव 30 दिवसांत MGT-14 फॉर्ममध्ये निबंधकांकडे दाखल करावा लागतो. मंडळाच्या अशा ठरावासाठी प्रायव्हेट कंपनीला यातून सूट आहे, पण तिलाही आपली विवरणपत्रे वेळेवर दाखल करण्याचीच अट आहे. तारण दिले असेल तर CHG-1 दोघींनाही भरावा लागतो आणि त्याचे 30 दिवस बोजा निर्माण झाल्यापासून मोजले जातात, ठरावाच्या तारखेपासून नाही.