सेमीजॉइन: केवळ लाइनीवरचा खर्च मोजण्याचा निर्णय

दोन ठिकाणच्या टेबलांचा जॉइन करताना आख्खे टेबल न पाठवता आधी फक्त जुळणीच्या कॉलममधली मूल्ये पाठवायची आणि समोरून तेवढ्याच ओळी मागवायच्या, ही सेमीजॉइनची पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसडीडी-१ या अमेरिकी वितरित डेटाबेस प्रणालीत आकाराला आली. पुढे ज्या निर्णयावर टीका झाली, तो याच प्रणालीत घेतला गेला. तिच्या ऑप्टिमायझरने, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने, दोन ठिकाणांदरम्यान जाणारे बाइट तेवढे मोजले. प्रत्येक ठिकाणच्या डिस्कवरचे आणि प्रोसेसरवरचे काम जवळजवळ फुकट धरले.

हा निर्णय आज भाबडा वाटतो, पण तो ज्या जाळ्यासाठी घेतला गेला त्याच्या वेगाचा हिशेब केल्याशिवाय त्यावर मत देणे योग्य नाही. समजा, नांदेडच्या सर्व्हरवर एक लाख शेतकऱ्यांची नोंद आहे आणि एका ओळीला २०० बाइट लागतात. लातूरच्या सर्व्हरवर सोयाबीन विक्रीच्या दहा हजार ओळी असून त्यांत पाच हजार वेगवेगळे शेतकरी आहेत. विकणाऱ्यांची नावे आणि बँक खाती लातूरला हवी आहेत. नांदेडचे पूर्ण टेबल मागवले तर दोन कोटी बाइट येतात. सेमीजॉइनमध्ये लातूर आधी हे करते:

```sql
SELECT DISTINCT shetkari_id FROM vikri;
```

प्रत्येक क्रमांक १० बाइटचा धरला, तर नांदेडला ५० हजार बाइट जातात आणि जुळलेल्या पाच हजार ओळींचे दहा लाख बाइट परत येतात. ते जाळे म्हणजे अर्पानेट, आणि त्याच्या लाइनी सेकंदाला ५० हजार बिटच्या होत्या. त्या वेगाने पहिल्या मार्गाला सुमारे ५३ मिनिटे लागतील, दुसऱ्याला तीन मिनिटांपेक्षा कमी. एवढ्या तफावतीपुढे क्रमांक वेगळे काढण्यात किंवा विक्रीचे टेबल दुसऱ्यांदा वाचण्यात गेलेले सेकंद कोणी मोजले नाहीत, यात मला गैर काही दिसत नाही.

आक्षेप आला तो १९८० च्या दशकात, आयबीएमच्या आर-स्टार या वितरित डेटाबेस प्रणालीच्या बाजूने. तिच्या ऑप्टिमायझरने सेमीजॉइनला पर्यायांत जागाच दिली नव्हती. दुसरे टेबल एकदम मागवणे किंवा एकेका मूल्यासाठी जुळणाऱ्या ओळी मागवणे, एवढेच मार्ग तो पाहत असे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मोजमापांतून दिसले की स्थानिक काम दुर्लक्ष करण्याजोगे नाही आणि जाळे वेगवान असेल तर तेच भारी पडते. वरच्याच उदाहरणात सेकंदाला १०० कोटी बिटची जोडणी घेतली, तर पूर्ण टेबल पाठवायला सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही. सेमीजॉइनमधून वाचणारा वेळ तेवढाच, आणि त्यासाठी विक्रीचे टेबल दोनदा वाचायचे, क्रमांकांतली पुनरावृत्ती काढायची, शिवाय ती यादी पोहोचेपर्यंत नांदेडच्या सर्व्हरने थांबून राहायचे.

तरीही या मोजमापांवरून सेमीजॉइन बाद ठरल्याचे जे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. त्याच अभ्यासात ब्लूम जॉइन, म्हणजे क्रमांकांच्या यादीऐवजी हॅशने भरलेला बिटांचा पट्टा पाठवण्याची पद्धत, सरस ठरली होती. आणि तीही मुळात सेमीजॉइनच आहे. या पट्ट्यातून काही परके क्रमांक चुकून सुटतात. दर क्रमांकाला १० बिट दिले, तर पट्टा सव्वासहा हजार बाइटचा होतो, पण न जुळणाऱ्या ९५ हजार ओळींपैकी सुमारे एक टक्का, म्हणजे साडेनऊशे ओळी, विनाकारण येतात. त्यांचे वजन एक लाख नव्वद हजार बाइट, म्हणजे मूळ यादीपेक्षाही जास्त. १५ बिट दिले की चूक हजारात एकाहून कमी होते आणि एकूण बाइट साध्या सेमीजॉइनपेक्षा थोडे कमी भरतात. खरा फायदा मात्र स्थानिक कामात आहे: पट्टा एकाच फेरीत भरतो, क्रमवारी लावावी लागत नाही, पुनरावृत्ती आपोआप विरते.

आजच्या वितरित विश्लेषण प्रणालींत हीच कल्पना रनटाइम फिल्टर या नावाने येते: लहान टेबल वाचता वाचता पट्टा बनतो आणि मोठ्या टेबलाच्या वाचनालाच लावला जातो. तिची मर्यादा मात्र एसडीडी-१ च्या काळातलीच आहे. लातूरच्या विक्रीत एक लाखांपैकी नव्वद हजार शेतकरी असते, तर यादीचे नऊ लाख आणि ओळींचे एक कोटी ऐंशी लाख मिळून एक कोटी एकोणनव्वद लाख बाइट गेले असते, म्हणजे पूर्ण टेबलाच्या दोन कोटींपेक्षा जेमतेम कमी. किती क्रमांक जुळतील हा ऑप्टिमायझरचा अंदाज सांख्यिकी जुनी झाली की असाच फसतो. क्वेरी चालल्यानंतर फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींची संख्या प्लॅनमध्ये जवळजवळ सारखीच दिसली, तर त्या क्वेरीपुरता फिल्टर बंद करावा आणि टेबलांची सांख्यिकी नव्याने घ्यावी.