सर्वांना पैसे, पण सर्व म्हणजे कोण?

सरकारने प्रत्येकाला ठरावीक रक्कम नियमित द्यावी, बदल्यात काम मागू नये, ही ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्ना’ची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी एका इंग्रज पत्रकाराने असा हिशेब मांडला होता, की जमीन मुळात सगळ्यांची, म्हणून जमीनवाल्यांकडून वसूल करून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड द्यावेत. आपल्याकडची चर्चा मात्र ३१ जानेवारी २०१७ ला खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्या दिवशी आलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयावर अख्खे प्रकरण होते. आज जे वाद चालू आहेत त्यांची बीजे तिथेच सापडतात.

अहवालातला आकडा होता माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे महिन्याला ६३५. दारिद्र्य जवळजवळ संपवायला किती पैसे लागतील, याचे २०११-१२ च्या खर्चाच्या आकड्यांवरून गणित केले आणि त्यात मधल्या वर्षांची महागाई मिळवली. खर्च आला देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.९ टक्के. हा खर्च शंभर टक्के लोकांचा नव्हे, पंचाहत्तर टक्के लोकांचा. वरचा चौथा हिस्सा वगळून तो मांडला होता. नाव ‘सार्वत्रिक’ आणि यादीतून चारातला एक बाहेर! त्यासाठी अहवालाने ‘जवळपास सार्वत्रिक’ अशा अर्थाचा शब्द वापरला. गाडं अडलं ते इथेच.

कारण चौथा माणूस वगळायचा तर तो ओळखायचा कसा? अहवालाने मार्ग सुचवले: मोटार किंवा एसी असलेल्यांना वगळा, लाभार्थ्यांची नावे जाहीर लावा म्हणजे श्रीमंतांना लाज वाटेल, नाहीतर ठरावीक काळाने हजर राहून ओळख पटवायला लावा. ज्याचा वेळ महाग तो येणारच नाही, असा शेवटच्या मार्गामागचा तर्क. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमी याच तत्त्वावर चालली. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजूच, त्याच्याकडे दाखला मागायचा नाही. फरक इतकाच, की तिथे गाळणी कष्टाची होती, इथे रांगेची. आणि रांगेत रोजंदारी बुडते ती गरिबाचीच, हे अहवालाच्या हिशेबात फारसे दिसत नाही.

कल्पनेच्या बाजूने बोलणारे मध्य प्रदेशातल्या प्रयोगाकडे बोट दाखवतात. २०११ पासून दीड वर्ष तिथल्या आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले गेले. पुढे ते ३०० आणि १५० झाले. मुलांचे पैसे आईच्या हाती. लोक आळशी झाले नाहीत. उलट बी-बियाणे, जनावरे घेतली, मजुरी कमी करून स्वतःच्या रानात राबले. पण त्या गावांचे रेशन कुणी बंद केले नव्हते. पैसे रेशनखेरीज वेगळे मिळाले. अहवालाचा हिशेब मात्र अनुदाने आणि योजना गुंडाळून त्या पैशातून हे द्यावे, या अंगाने जाणारा होता. प्रयोग एका गोष्टीचा आणि दाखला दुसऱ्याच गोष्टीसाठी, असे दोन्ही बाजूंकडून सर्रास होते. धान्याचा भाव वाढला तरी रेशनचा तांदूळ तेवढाच मिळतो, ६३५ रुपयांत मात्र तो कमी येतो, हा विरोधकांचा मुद्दा म्हणूनच टिकतो.

नंतर सरकारांनी ‘सर्व’ बाजूला ठेवून गट निवडले. २०१८ मध्ये तेलंगणाने शेतकऱ्यांना एकरी रक्कम दिली, पण सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचे नाव त्यालाच. खंडाने कसणारा राहिला बाजूला. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये सुरू झाले, तेही जमिनीच्या मालकालाच.

आधी फक्त बायकांना द्या, खर्च निम्मा होईल, हीही सूचना त्या अहवालात होती. महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण आली: २१ ते ६५ वर्षांच्या महिलांना महिना १,५००. वर्षाचे १८,००० झाले. पाच जणांच्या घरात एकच पात्र बाई असेल तर माणशी ३,६००. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात चारचाकी नको. म्हणजे अहवालातली मोटार इथे पुन्हा आली. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले आणि गाळणी नंतर लावली गेली. २०२५ मध्ये सव्वीस लाखांवर खात्यांचे हप्ते अडवले. मग ई-केवायसी आले, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यावरचा ओटीपीही हवा होता. दोघेही हयात नसतील तर ओटीपी यायचा कुणाच्या मोबाइलवर? त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडायची सोय नंतर करावी लागली.