कॉन्फिडन्स ९८ म्हणजे सेल ९८ टक्के बरोबर, असं नसतंय

जुन्या छापील तक्त्यांचे स्कॅन एक्सेलमधी आणायचं काम आता आपल्याकडं बरेच जण करायलेत, आणि दर वेळी तोच घोळ. पानाचा ओसीआर झाला, प्रत्येक आकड्याशेजारी स्कोअर आला, मग म्हणायलेत ०.८० च्या खालचे तेवढे सेल माणसाकडं पाठवा, बाकी डोळे झाकून घ्या. ओसीआर कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात जात नाही. इथं दोन आकडे आहेत अन् ते एकच समजले जातात, एवढाच मुद्दा. एक, हे अक्षर ओळखताना इंजिनला किती खात्री वाटली. दुसरा, हा सेल इमेजशी जुळायची शक्यता किती. स्कोअर पहिल्याचा मिळतो, आपल्याला पाहिजे असतो दुसरा.

१९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका घ्या. मराठवाड्याचे तेव्हा पाचच जिल्हे होते, लातूर उस्मानाबादमधी अन् जालना औरंगाबादमधी, त्यामुळं लातूरची पुस्तिका हुडकत बसू नका. गावाच्या ओळीत एकूण लोक, पुरुष, स्त्रिया असे रकाने असतात. समजा इमेजवर १२४८, ६४१, ६०७ आहे. मशीननं पुरुषांचे ६४७ वाचले, आणि तीन अंकांचे स्कोअर आले ०.९९, ०.९८ आणि ०.५२. यांची सरासरी काढली तर ०.८३, म्हणजे सेल सुटला! सरासरी हा प्रकार मला अजिबात पटत नाही, कारण आकड्यातला एक अंक चुकला की सगळा आकडाच चुकला, शेजारचे दोन कितीबी छान वाचले तरी काय उपयोग. सेलचा स्कोअर सगळ्यात कमी अंकाचा धरा, ०.५२, नाहीतर तिन्हींचा गुणाकार करा, तो इथं ०.५० च्या आसपास येतो. दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी हा सेल तपासणीला जातो.

तरी पण हे निम्मंच झालं. कमीत कमी घेतला तरी तो इंजिनच्या खात्रीचाच आकडा राहतो, आणि इंजिन कुठल्या छपाईवर शिकलंय ते तुमच्या स्कॅनला थोडंच ठाऊक आहे. शाई तुटलेल्या ८ ला ते ०.९९ नं ६ म्हणून मोकळं होतं. म्हणून आधी काही पानांमधले सेल रँडम उचलायचे आणि मशीनचं उत्तर न दाखवता माणसाकडून टाइप करून घ्यायचे (उत्तर दिसलं की माणूस हौ म्हणून पुढं जातो, हे सांगायला नको), मग स्कोअरचे गट पाडून प्रत्येक गटात खरंच किती बरोबर निघाले ते मोजायचं. समजा ०.९५ च्या वरच्या गटात ४०० सेल होते आणि त्यातले ३८८ बरोबर. मग त्या गटातल्या सेलची खरी शक्यता ९७ टक्के, स्कोअर ०.९९ का दाखवंना. पुढं असे ७००० सेल न बघता सोडले तर साधारण २१० चुका आत जाणार. ते चालतंय का हे कामावर आहे, आणि कटऑफ त्यावरून ठरवायचा, कुणाच्या प्रोजेक्टमधून उचलून आणायचा नाही. गावाच्या नावाचा रकाना आणि आकड्यांचे रकाने वेगवेगळे मोजा, दोघांना एकच कटऑफ लावणं म्हणजे नुसता आळस.

आणि काही चुका स्कोअरमधी दिसतच नाहीत. उजाड गावाच्या ओळीत लोकसंख्येचे रकाने रिकामे असतात, तिथं पुढचा आकडा डावीकडं सरकला तर अक्षरं सगळी झकास वाचलेली, स्कोअर ०.९९, फक्त सेल चुकीचा. इंजिननं अंक ओळखला, तो कुठल्या रकान्यातला हे त्या स्कोअरमधी नाहीच. टेसेरॅक्टच्या टीएसव्ही आउटपुटमधी conf च्या खाली -1 असतंय, ते पान, ब्लॉक, ओळ अशा पातळ्यांचं असतं, वाचलेल्या शब्दाचं नाही. आणि जो आकडा इंजिनला दिसलाच नाही त्याची ओळच येत नाही, म्हणून भरायला हवा होता असा रिकामा सेल थेट संशयितात टाकायचा. बाकी हिशोब तपासा, पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण. वरच्या उदाहरणात ६४७ अधिक ६०७ म्हणजे १२५४, एकूण लिहिलंय १२४८, तर तिन्ही सेल तपासणीला, स्कोअर काहीबी असो, कारण चूक नेमकी कुणाची हे बेरीज सांगत नाही. जुळली तर मात्र तिघांचाही भरवसा वाढतो, दोन चुका एकमेकीला नेमक्या फेडतील असं क्वचितच होतं. तरी पुस्तकातच छपाईची चूक असू शकते, मग तपासणाऱ्यानं इमेजवर आहे तेच ठेवायचं, बेरीज जुळवायला आकडा बदलायचा नाही, फार तर शेजारी शेरा टाकायचा.

न बघता सोडलेल्या सेलमधूनही दर गठ्ठ्याला थोडे रँडम काढून बघत राहा. पुढच्या जिल्ह्याचं स्कॅन फिक्कट निघालं की तोच ०.९५ आता ९७ टक्क्यांचा राहत नाही, आणि हे स्कोअरकडं बघून कळत नाही.